वेगळं राहायचं ठरलंय? मग कागदावर काय आणि कसं लिहायचं

मी नागपुरात कौटुंबिक प्रकरणं चालवते. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी बरीच जण घटस्फोटाचं बोलायला आलेली नसतात. नवरा त्रिमूर्तीनगरात खोली घेऊन राहतोय, बायको मुलीला घेऊन बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये आहे, आणि दर महिन्याला हप्ता, फी आणि रविवार या तीन गोष्टींवरून फोनवर भांडण होतं. अशा वेळी जो कागद करावा लागतो त्याला आम्ही विभक्त राहण्याचा करार म्हणतो. तो पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीख जोडपीही येतात.

आधी एक गैरसमज दूर करते. या कराराने लग्न संपत नाही. कोर्टाच्या आसपास स्टॅम्प पेपरवर ‘फारकती’ लिहून घेणारे अजून भेटतात, आणि तो कागद म्हणजे घटस्फोट, असं समजून दुसरं लग्न ठरवणारेही. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी खरोखर असेल आणि ती कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांसाठी घटस्फोट फक्त कोर्टाच्या हुकुमानेच होतो. नोटरीच्या कागदावर विसंबून केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि तो गुन्हाही आहे.

दुसरं असं, की करार आज वेगळं राहणाऱ्यांचा हवा. ‘पुढे कधी पटलं नाही तर वेगळे होऊ आणि असं वाटून घेऊ’ असा आगाऊ करार कोर्ट मानत नाही. म्हणून पहिल्याच परिच्छेदात वेगळं राहायला सुरुवात झाल्याची नेमकी तारीख लिहा. पुढे परस्पर संमतीने घटस्फोट मागायचा झाला तर किमान एक वर्ष वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं, तिथे ही तारीख कामाला येते.

पायरी पहिली: ‘परस्पर संमतीने’ हे दोन शब्द जपून वापरा

तयार नमुन्यात हटकून एक ओळ असते, ‘उभयता परस्पर संमतीने विभक्त राहत आहेत.’ वाचायला ती सभ्य वाटते. पण पोटगीचा जो झटपट मार्ग आहे (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), त्यात स्पष्ट लिहिलंय की पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. मुलांचा हक्क त्याने जात नाही, पत्नीचा मात्र अडचणीत येतो. कोर्ट खरी परिस्थिती तपासतं, तरी समोरचा वकील ती ओळ पुढे करणारच.

म्हणून वेगळं राहण्याचं कारण खरं आणि थोडक्यात लिहा. सतत वाद होत होते, पतीने अमुक तारखेला घर सोडलं, पत्नीला त्या घरात राहणं अशक्य झालं, यातलं जे घडलं असेल ते. त्याखाली हे वाक्य घाला: ‘सदर करार हा वेगळं राहत असतानाच्या व्यवस्थेबाबत आहे, पत्नीचे व मुलीचे कायद्याने असलेले पोटगीचे हक्क या कराराने सोडलेले नाहीत.’ उलट ‘मी आयुष्यात कधी पोटगी मागणार नाही’ असं कोणी लिहून घेत असेल तर त्याचा उपयोग नाही. पोटगीचा कायदेशीर हक्क असा करारात सोडून देता येत नाही, अशीच कोर्टांची भूमिका राहिली आहे.

नवऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवं. वेगळं राहण्याला दोघांनी लेखी मान्यता दिली की ‘तिने मला सोडून दिलं’ या कारणावर घटस्फोट मागणं त्याला अवघड जातं. सही करण्याआधी हे दोघांनाही माहीत हवं. त्यासाठी दोघांनी आपापला वकील घ्यावा, एकाच वकिलाकडून दोघांचं काम करून घेऊ नये. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणि घरात मारहाण किंवा धमकी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. भीतीखाली केलेली सही हा करार नसतो. आधी १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा.

पायरी दुसरी: महिन्याचा खर्च

‘पती घरखर्चासाठी योग्य ती रक्कम देईल’ या वाक्याने जितकी भांडणं झालेली मी पाहिली आहेत तितकी दुसऱ्या कशाने नसतील. ‘योग्य’ हा शब्द काढा आणि आकडा लिहा. आकडा ठरवण्यासाठी दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचा तक्ता समोरासमोर भरावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांसाठी अशा शपथपत्राचा नमुना घालून दिला आहे. कोर्टात गेलात तर तो भरावाच लागतो, मग घरबसल्या आधीच भरायला काय हरकत? त्यात एफडी, विमा, पीएफ, गाडीचं कर्ज, आईवडिलांचा खर्च असं सगळं येतं.

एक उदाहरण मांडते, आकडे समजण्यापुरते. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, हातात ७८,००० रुपये येतात. बायको खासगी शाळेत शिक्षिका, ३२,०००. मुलगी आठ वर्षांची. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जाचा हप्ता २६,०००. नवऱ्याच्या खोलीचं भाडं ९,०००.

मुलीचा खर्च आधी वेगळा काढा. शाळेची वर्षाची फी ५४,००० म्हणजे महिन्याला ४,५००, व्हॅनचे १,५००, नृत्याच्या क्लासचे १,५००, खाणं-कपडे-औषधं ५,०००. एकूण १२,५००. दोघांच्या पगाराचं प्रमाण साधारण ७१ ला २९ पडतं. त्या हिशेबाने त्याचे ८,८७५ होतात, ते गोल करून ९,००० धरले. तिच्याकडे ३,५०० राहिले. अर्धं-अर्धं वाटून घेणं ऐकायला न्याय्य वाटतं, पण ३२,००० कमावणाऱ्या आईकडून ६,२५० काढले तर ते तिच्या किराण्यातून जातात. मी नेहमी पगाराच्या प्रमाणातच वाटायला सांगते.

शिवाय नवरा बायकोच्या खर्चासाठी ६,००० देईल आणि हप्ता भरत राहील, असं ठरलं. त्याच्या हातात भाडं देऊन २८,००० उरतात. सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल फ्लॅटमध्ये राहणारी भरेल. इथे नागपूरकरांनी एक काळजी घ्यावी. विजेचा आकडा जानेवारीच्या बिलावरून धरू नका. मे महिन्यात कूलर आणि एसी दिवसरात्र चालतात आणि बिल कुठल्या कुठे जातं. महावितरणची मागची बारा बिलं काढा आणि त्यांची सरासरी घ्या.

मग देण्याची पद्धत. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, पत्नीच्या एकटीच्या खात्यात, बँकेतूनच. रोख नको. एक ताई मला म्हणाली होती, “मॅडम, पैसे तर तो देऊनच राहिला ना, मग लिहून कशाला?” दीड वर्षाने तोच नवरा कोर्टात म्हणाला की मी दरमहा दुप्पट देत होतो, आणि ते खोटं ठरवायला तिच्याकडे एकही नोंद नव्हती. शाळेची फी वडील थेट शाळेत भरणार असतील तर तसं लिहा आणि ४,५०० महिन्याच्या रकमेतून वजा करा. नाहीतर एकच फी दोनदा मोजली जाते.

अचानक येणाऱ्या खर्चासाठी एक ओळ पुरते: ५,००० रुपयांच्या वरचा खर्च करण्याआधी व्हॉट्सअॅपवर कळवायचं, ४८ तासांत उत्तर आलं नाही तर संमती धरायची, दवाखान्याची तातडी असेल तर विचारत बसायचं नाही, बिलाचा फोटो टाकायचा. जूनमध्ये नवी फी कळली की आकडा त्याप्रमाणे बदलेल, हेही तिथेच लिहा.

पायरी तिसरी: मुलीचं वेळापत्रक

या भागावर एक संध्याकाळ पूर्ण द्या. ‘वडील मुलीला सोयीनुसार भेटतील’ असं लिहिलेल्या करारात सोय नेहमी ज्याच्याकडे मूल आहे त्याचीच होते.

वरच्या उदाहरणातलं वेळापत्रक असं झालं. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार वडिलांकडे, शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६. पाचवा शनिवार आला तर तो आईकडे. हे न लिहिल्याने दर दोन-तीन महिन्यांनी एक भांडण ठरलेलं असतं. बुधवारी संध्याकाळी ५ ते ७ वडील बाहेर घेऊन जातील. बाकी दिवशी साडेसात वाजता पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्या वेळी आईने खोलीत थांबायचं नाही. न्यायचं आणि आणायचं ठिकाण अपार्टमेंटचं गेट, घराचं दार नव्हे, कारण दारात उभं राहिलं की जुने विषय निघतात. अर्धा तास वाट पाहूनही वडील आले नाहीत तर त्या दिवसाची भेट गेली असं धरायचं.

सुट्ट्यांचं गणित विदर्भात वेगळं असतं. उन्हामुळे आपल्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, पुण्या-मुंबईपेक्षा उशिरा. म्हणून ‘१५ जूनपर्यंत’ असं छापील नमुन्यातून उतरवू नका. ‘शाळेने जाहीर केलेल्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग आईकडे, दुसरा वडिलांकडे’ असं लिहा. दिवाळीची सुट्टी सम वर्षी वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे. सण तिथीने येतात, तेव्हा तारीख न लिहिता सणाचं नाव लिहायचं.

आणि तान्हा पोळा विसरू नका. दिवाळी-गणपतीवर दोन्ही घरं तासभर बोलतात, तान्हा पोळा मात्र लिहायचा राहतो आणि नेमका त्या दिवशी मुलांचा हट्ट असतो. एका प्रकरणात लाकडी बैल आजोबांच्या महाल भागातल्या घरी होता आणि मूल आईकडे. बैल कोणी आणून द्यायचा यावरून दोन्ही घरं दिवसभर अडून बसली, आणि गल्लीतली बाकी मुलं बैल सजवून निघून गेली. त्यानंतर मी प्रत्येक करारात लिहिते: तान्हा पोळ्याला मूल दुपारी ४ ते ८ अमुककडे, बैल आदल्या दिवशी मुलासोबत पोहोचवायचा. तसंच दप्तराचं. रविवारी संध्याकाळी मुलगी परत आली आणि गणिताची वही वडिलांकडे राहिली, तर सोमवारी ओरडा तिलाच बसतो. ‘दप्तर, वह्या, चष्मा, औषधं मुलीसोबतच फिरतील’ ही एक ओळ वकिलांना क्षुल्लक वाटते, आईवडिलांना वाटत नाही.

शाळेच्या नोंदीत दोघांचे फोन नंबर राहतील, पालकसभेला दोघंही जाऊ शकतील, नागपूरबाहेर नेताना आधी कळवायचं आणि देशाबाहेर नेण्यासाठी दुसऱ्याची लेखी परवानगी लागेल, हेही लिहा.

पैसे आणि भेट यांची गाठ मात्र बांधू नका. पैसे थांबले म्हणून भेट थांबवायची किंवा भेट नाही म्हणून पैसे नाहीत, असं कलम कोणी सुचवलं तर खोडा. दोन्ही मुलीचे हक्क आहेत. आणि मुलांबद्दलचं काहीही कोर्टाला बांधील नसतं. मुलीच्या हिताचं नाही असं दिसलं तर न्यायाधीश ते बदलू शकतात. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ताबा साधारणपणे आईकडेच असतो, तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत वडिलांकडच्या मुक्कामाऐवजी जास्त वेळा पण थोड्या वेळाच्या भेटी ठरवाव्यात.

पायरी चौथी: दोघांच्या नावावरचा फ्लॅट

नोटरी केलेल्या करारात ‘फ्लॅट पत्नीला दिला’ असं लिहिल्याने फ्लॅट तिचा होत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क देणारा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. बँकेलाही तुमचा करार बांधील नाही. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर एकाने हप्ता चुकवला की दोघांचा सिबिल स्कोअर पडतो, करारात काहीही लिहिलेलं असो.

आपल्या उदाहरणात फ्लॅटची किंमत ६० लाख, कर्ज बाकी २४ लाख. बायको म्हणते फ्लॅट माझ्या नावावर करा. पण ३२,००० पगारावर २६,००० चा हप्ता एकटीच्या नावावर घ्यायला कोणतीही बँक तयार होणार नाही, म्हणजे नवऱ्याचं नाव कर्जातून निघणार नाही. अशा वेळी आज मालकी बदलण्याचा हट्ट धरू नये. तीन वर्षांनी निर्णय घ्यायचा असं ठरवा, आणि तोवर कोणी एकट्याने विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, भाडेकरू ठेवणार नाही एवढं बांधून घ्या.

मग खरा प्रश्न असा, की या तीन वर्षांत नवरा एकटा हप्ता भरतोय, त्याचं काय? तो म्हणेल, मी ३६ महिने २६,००० म्हणजे ९ लाख ३६ हजार भरले, ते आधी मला द्या. पण साडेआठ टक्के व्याज धरलं तर पहिल्या महिन्याच्या २६,००० पैकी १७,००० व्याजातच जातात. तीन वर्षांत मुद्दल फिटतं साधारण ३ लाख ७० हजार. बाकीचं व्याज म्हणजे मुलीच्या डोक्यावर छप्पर ठेवण्याचा खर्च, ते परत मागण्यासारखं नाही. म्हणून कलम असं: ‘विक्री झाल्यास प्रथम बँकेची बाकी, नंतर कराराच्या तारखेपासून पतीने फेडलेलं मुद्दल पतीला, उरलेली रक्कम निम्मी-निम्मी.’ समजा तेव्हा फ्लॅट ६६ लाखांना गेला. बँकेला २० लाख ३० हजार, नवऱ्याला ३ लाख ७० हजार, उरले ४२ लाख, प्रत्येकी २१. बँकेचं कर्ज खात्याचं विवरण दरवर्षी एप्रिलमध्ये काढून दोघांनी फाइलला लावायचं, मग आकड्यावर वाद होत नाही.

तीन वर्षांनी नवरा आपला निम्मा हिस्सा बायकोला देणार असेल तर आधी बँकेची ना-हरकत घ्यायची, मग नोंदणीकृत बक्षीसपत्र करायचं. राहत्या घराचं बक्षीसपत्र पती-पत्नींमध्ये झालं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण त्या दिवशी ती कायद्याने पत्नी हवी. घटस्फोटाचा हुकूम आधी आणि बक्षीसपत्र नंतर, असं झालं तर ही सवलत हातची जाते. हक्कसोडपत्राने स्वस्तात होईल असं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे, दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटसाठी नाही.

आयकराचीही एक बाजू आहे. नवऱ्याने बायकोला मोबदला न घेता मालमत्ता दिली तर तिचं उत्पन्न, उदाहरणार्थ भाडं, नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलेल्या मालमत्तेला मात्र यातून सूट आहे. म्हणून करार आधीच्या तारखेचा हवा आणि बक्षीसपत्रात त्याचा उल्लेख हवा.

बाकी गोष्टी लवकर आटोपतात. संयुक्त बचत खातं ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं असेल तर ते त्याच आठवड्यात ‘दोघांच्या सहीने’ करून घ्या, नाहीतर एका दुपारी ते रिकामं होऊ शकतं. लग्नातलं आणि माहेरचं सोनं हे स्त्रीधन, ते वाटणीत येतच नाही. सराफाकडून वजन करून यादी आणि फोटो करारासोबत जोडा.

पायरी पाचवी: सही, स्टॅम्प आणि त्यापुढचं

करार मराठीत करा, दोघांना प्रत्येक ओळ कळली पाहिजे. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार, शक्यतो दोन्ही घरांकडचा एकेक. १०० रुपयांचा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना किमान ५०० चा लागतो. करारात मोठ्या रकमा असतील तर शुल्क जास्तही बसू शकतं, ते वकिलाकडून आधी तपासून घ्या.

नोटरी फक्त सही कोणाची हे सांगतो, मजकूर बरोबर आहे असं नाही. नुसता नोटरीचा करार मोडला तर तुम्हाला नवीन दावा लावावा लागतो. त्यापेक्षा मी एक पाऊल पुढे जायला सांगते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचं प्रकरण म्हणून अर्ज करा आणि तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्या. तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकुमाचं बळ असतं, पैसे थकले तर थेट वसुलीला जाता येतं. घटस्फोट मात्र तिथे मिळत नाही.

शेवटचं कलम पुन्हा एकत्र राहण्याचं ठेवा. लोक ते अपशकुन झाल्यासारखं टाळतात, आणि मग दिवाळीत पंधरा दिवस नवरा घरी राहून गेला की करार संपला की चालू आहे, हे कोणालाच कळत नाही. उदाहरणातल्या जोडप्याने लिहिलं: सलग ३० दिवसांपेक्षा जास्त एकत्र राहिलो तर पैशांची आणि वेळापत्रकाची कलमं थांबतील, फ्लॅटच्या हिशेबाचं कलम तोवरच्या आकड्यासह तसंच राहील, आणि तशी नोंद दोघं सही करून कराराच्या मागच्या कोऱ्या पानावर करतील. ते कोरं पान मी मुद्दाम जोडून देते.